टाचणीखालची तपकिरी भुकटी

देवबागसारख्या खाडी-समुद्रामधल्या गावात कीटकपेटीला बुरशी लागते, हे तुम्हाला माहीतच आहे. पण टाचणीखाली बारीक तपकिरी भुकटी आणि केसाळ काती दिसल्या, तर ती बुरशी नव्हे. डर्मेस्टिड भुंगेऱ्याच्या अळ्या सुकं फुलपाखरू आतून खातायत. डांबरगोळ्यांच्या वासाने त्या मरतीलच असं नाही. पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. मध्येच लाईट बराच वेळ गेली, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका. आपल्याकडची दमट हवा थंड पंखांवर पाणी होऊन बसते. मग भुकटी ब्रशने पूर्ण झाडा, म्हणजे पुढच्या महिन्यात दिसेल ती नवीनच.