घाटात गाडी आपोआप वळते, ती का?

प्रश्न : खंडाळ्याहून साताऱ्याला जाताना एसटीत रेसिंग गेम खेळतो. फोन स्थिर धरला तरी खंबाटकी घाटात गेममधली गाडी कडेला आदळते. फोन बिघडला आहे का?

उत्तर : फोन ठीक आहे. फोन किती कलला, हे आतला सेन्सर गुरुत्वाकर्षणावरून ओळखतो. पण बसच्या वळणाचा जोरही त्याला तसाच जाणवतो. समजा, बस ताशी 30 किलोमीटरने 40 मीटर त्रिज्येच्या वळणावर डावीकडे वळली, तर सेन्सरला फोन सुमारे 10 अंश उजवीकडे कलल्याचा भास होतो. गेममधली गाडी तिकडेच जाते. संवेदनशीलता जितकी जास्त, तितका धक्का मोठा.

त्यामुळे बसमध्ये बटणेच बरी. मात्र बटण अर्धे दाबता येत नाही. ते धरून ठेवले की गाडी पूर्ण वळते. म्हणून लांब वळणावर हलक्या टिचक्या द्याव्यात. गेममध्ये सोय असेल तर बटणे कडेपासून बोटभर आत, अंगठा सहज टेकतो तिथे सरकवावीत.

घरी खुर्चीत बसून मात्र फोन कलवण्यातच खरी मजा आहे, कारण वळण हवे तेवढेच घेता येते. संवेदनशीलता मध्यावर ठेवून एकाच ट्रॅकवर तीन फेऱ्या माराव्यात. सरळ रस्त्यावर गाडी नागमोडी धावली तर संवेदनशीलता एक घर कमी करावी. फोन भरपूर कलवूनही गाडी बाहेरच्या कठड्याला लागली तर एक घर वाढवावी.