चौकटीतील खूण आणि तक्त्यातील ओळ

अँटॉप हिलसारख्या भागातील झोपडपट्टी पुनर्वसनात रहिवाशांची पात्रता आणि झोपडीचा वापर नोंदवणारी, सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेली यादी ‘परिशिष्ट-२’ म्हणून ओळखली जाते. त्या यादीच्या तयारीसाठी नियोजित गृहनिर्माण संस्था रहिवाशांकडून जे छापील अर्ज भरून घेते, त्यांत ‘निवासी’, ‘अनिवासी’ आणि ‘संयुक्त’ अशा तीन चौकटी शेजारी शेजारी असल्या, तर स्कॅन केलेल्या कागदावरून त्या खुणा एक्सेलच्या तक्त्यात उतरवताना होणारी चूक एखाद्या कुटुंबाच्या पात्रतेच्या नोंदीपर्यंत पोहोचू शकते.

संगणक खूण ‘वाचत’ नाही. ठरलेल्या जागेतील काळ्या ठिपक्यांचे प्रमाण तो मोजतो. ५ मि.मी.ची चौकट ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या घनतेने स्कॅन केली, तर तिची बाजू सुमारे ५९ ठिपक्यांची होते, आणि छापील कडा वगळून आतला ४५ बाय ४५ चा भाग घेतल्यास मोजणीला २,०२५ ठिपके मिळतात. बॉलपेनची ६ ठिपके रुंद व ६० ठिपके लांब रेघ त्यांपैकी सुमारे १८ टक्के व्यापते, तर कोऱ्या चौकटीत धुळीचे एखाद-दोन टक्केच आढळतात.

खरा घात कागदाच्या तिरकेपणाने होतो. ए-४ कागद केवळ १ अंश कलला, तरी वरच्या कडेच्या तुलनेत तळाची जागा सुमारे ५ मि.मी. बाजूला सरकते, म्हणजे जवळजवळ एक चौकट. मग मोजणीच्या जागेत छापील कड येते आणि कोरी चौकटही भरलेली ठरते. एकाच अर्जातील तिन्ही चौकटींत सारखीच शाई दिसली, तर तिथे रहिवाशाच्या खुणेपेक्षा कागदाचा कलच मोजला गेला असण्याची शक्यता अधिक असते. म्हणून अर्ज छापतानाच चारही कोपऱ्यांत काळे चौकोन ठेवावेत आणि त्यांच्या आधारे प्रतिमा सरळ केल्यानंतरच मोजणी करावी.

प्रमाण ४ टक्क्यांहून कमी असल्यास ‘रिकामे’, १० हून अधिक असल्यास ‘खूण’ आणि मधल्या पट्ट्यात ‘शंका’ असे लिहावे. या मर्यादा मात्र आपल्याच शंभरेक अर्जांवर हाताने पडताळून ठरवाव्यात. रिकाम्या चौकटीला ‘नाही’ म्हणणे हा गंभीर दोष आहे, कारण न लिहिणे म्हणजे नाकारणे नव्हे. तिन्ही चौकटींना स्वतंत्र स्तंभ द्यावेत आणि पुढील स्तंभात हे सूत्र घालावे:

```
=IF(AND(COUNTIF(C2:E2,"खूण")=1,COUNTIF(C2:E2,"रिकामे")=2),"ठीक","तपासा")
```

‘निवासी’ आणि ‘अनिवासी’ या दोन्हींवर खूण असलेला अर्ज ‘संयुक्त’ असेल असे गृहीत धरणे मोहाचे असले, तरी त्यांतील एक खूण खोडलेलीही असू शकते. शाईचे प्रमाण हा भेद सांगत नाही.

हाताने लिहिलेल्या आकड्यांत तर देवनागरी ४ हा इंग्रजी आठाशी इतका मिळताजुळता असतो, की एकाच अर्जात दोन्ही लिप्या आल्यास झोपडी क्रमांक मूळ कागदाशीच ताडावा लागतो. तो स्तंभ आधीच ‘मजकूर’ प्रकारचा ठेवावा, अन्यथा ००४७ चा ४७ होतो. ‘तपासा’ अशी नोंद असलेली प्रत्येक ओळ संबंधित रहिवाशाला मूळ अर्जासह दाखवावी आणि त्याच्या सहीनंतरच यादी पुढे पाठवावी.