डॉकेट नंबर जपून ठेव

खडवली,
१६ जुलै

चि. बाळास,

बंद करून घेतलेल्या ब्रॉडबँडचं ५९० रुपयांचं बिल अजून येतंय आणि तू आता थेट ट्रायकडे तक्रार करणार आहेस, असं कळलं. तसं करू नकोस. ट्राय नियम करते, पण एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तुझा अर्ज कंपनीकडेच पाठवून देईल. बँकांना लोकपाल आहे, तसा टेलिफोन कंपन्यांना नाही.

तू ३ जूनला कस्टमर केअरला फोन केलास, तेव्हा एसएमएसने डॉकेट नंबर आला असेल. तो एसएमएस पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढून ठेव. बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे लागतात, असं धरून चालायचं. सहा आठवडे काल संपले. मधेच 'तक्रार निकाली काढली' असा एसएमएस आला असेल, तर तोही ठेव. बिल तसंच असेल तर तो तुझ्याच बाजूचा पुरावा. मात्र आता पुन्हा कस्टमर केअरला फोन लावू नकोस. नवा डॉकेट नंबर मिळेल आणि मुदत नव्याने मोजायला कंपनीला सबब सापडेल.

आता कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं. मुदत संपल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे १४ ऑगस्टपर्यंत. फी नाही. हा अधिकारी सर्कलनुसार वेगळा असतो. तुझं कनेक्शन मुंबई सर्कलचं की महाराष्ट्राचं, ते बिलावर बघ आणि कंपनीच्या वेबसाइटवरून त्याच सर्कलचा ईमेल घे. मजकूर पाच ओळींचा पुरे: कनेक्शन बंद केल्याची तारीख, डॉकेट नंबर, वादातलं बिल, मागणी काय, आणि सोबत कनेक्शन बंद झाल्याची पोच. 'मानसिक त्रास' वगैरे लिहीत बसू नकोस. उत्तरात अपील नंबर येईल. निकालाला ३९ दिवसांची मुदत आहे. आज पाठवलंस तर २४ ऑगस्टपर्यंत.

तेवढ्यानेही भागलं नाही, तर pgportal.gov.in वर दूरसंचार विभागाकडे तक्रार नोंदव. तिथे डॉकेट नंबर आणि अपील नंबर दोन्ही दे; ते नसले की 'आधी कंपनीकडे जा' असं उत्तर येतं. साधारण २१ दिवस धर. बहुतेक प्रकरणं इथे मिटतात, कारण विभागाकडून विचारणा आली की कंपनीतला वरचा माणूस फाइल उघडतो.

शेवटचा मार्ग ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येतं, हे स्पष्ट केलं. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण तारखा पडत राहतात. तेव्हा ५९० रुपयांसाठी तिथवर जाण्याआधी विचार कर.

आज रात्रीच अपिलाचा ईमेल पाठव आणि त्याची प्रत मलाही टाक.

तुझा,
मामा