वाचकांचे प्रश्न : ‘इतर खर्च’ म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न : मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि नाशिक जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत इंटर्नशिप करते. चार पाड्यांवर सहा महिने फिरते वाचनालय चालवण्यासाठी एका कंपनीच्या सीएसआर निधीकडे 2 लाख रुपयांपर्यंतचा प्रस्ताव पाठवायचा आहे. बजेटचे स्पष्टीकरण लिहायचे काम माझ्याकडे आले. समन्वयकाचे मानधन 1,08,000, प्रवास 25,000, पुस्तके 20,000, प्रशासकीय 10,000 आणि इतर 37,000 असे आकडे टाकून प्रत्येकापुढे मी ‘प्रकल्पासाठी आवश्यक’ असे लिहिले. सरांनी कागद परत केला. शिवाय सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या वर दाखवता येत नाही, असे ऑफिसात सगळे म्हणतात. ते खरे आहे का?

– एक विद्यार्थिनी, पेठ तालुका

उत्तर : तुमच्या आकड्यांची बेरीज बरोबर 2,00,000 येते. सरांनी कागद का परत केला, ते इथेच कळते. कंपनीने सांगितलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. तुम्ही ती आधी धरली, मग खाली वाटून टाकली, आणि उरले ते ‘इतर’मध्ये ढकलले. प्रस्ताव तपासणारा माणूस पहिल्यांदा हीच ओळ शोधतो.

स्पष्टीकरणात खर्च ‘आवश्यक’ आहे हे सांगायचे नसते, तो आकडा कुठून आला हे दाखवायचे असते. प्रवासाचेच बघा. एका फेरीत दोन पाडे होतात, म्हणजे आठवड्याला दोन फेऱ्या. 26 आठवड्यांतून दिवाळीचे दोन वगळले तर 48 फेऱ्या. जाऊन येऊन सरासरी 42 किलोमीटर आणि तुमच्या संस्थेचा मोटारसायकलचा दर किलोमीटरला 5 रुपये धरला, तर 2,016 किलोमीटरचे 10,080 रुपये होतात. मी हे आकडे नमुन्यादाखल धरले आहेत. तुम्ही संस्थेचे जुने लॉगबुक काढून खरे घाला. पण 25,000 कुठून आले, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. 10,080 हा आकडा गोल नसल्यामुळे खटकेल, अशी नव्या माणसाला भीती वाटते. खटकतो तो गोल आकडा.

मानधनात मात्र मोठी चूक दडलेली असू शकते. 1,08,000 म्हणजे महिना 18,000 रुपयांचा पूर्ण पगार. समन्वयक फक्त याच प्रकल्पाचे काम करते का, हे सरांना विचारा. ती निम्मा वेळ दुसऱ्या प्रकल्पात असेल आणि तिथल्या निधीतून निम्मा पगार निघत असेल, तर इथे 54,000च मागता येतात. एकाच माणसाचा पगार दोन देणगीदारांकडून मिळून शंभर टक्क्यांच्या वर गेला, तर ऑडिटमध्ये ते हमखास सापडते. हेतू वाईट नव्हता, हे तेव्हा कोणी ऐकत नाही. म्हणून ‘18,000 × 50 टक्के वेळ × 6 महिने’ असे स्पष्ट लिहा आणि उरलेला पगार कुठून येतो, तेही एका वाक्यात सांगा.

पुस्तकांसाठी चार पेट्या, पेटीत 60 पुस्तके, सरासरी 70 रुपये, म्हणजे 16,800. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. लोखंडी पेट्यांवर आहे, म्हणून पेट्यांचे कोटेशन करासह घ्या. ‘इतर’ची ओळ काढून टाका. पाड्यावर पुस्तके वाटणाऱ्या मुलामुलींना मानधन देणार असाल, तर तेच लिहा : चार जण, महिना 1,500, सहा महिने, 36,000.

आता 5 टक्क्यांचे. हा नियम आहे, पण तो तुमच्या संस्थेसाठी नाही. सीएसआरच्या कामासाठी कंपनीचा स्वतःचा जो कार्यालयीन खर्च होतो, तो तिच्या वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चाच्या 5 टक्क्यांपुढे जाऊ नये, एवढेच तो सांगतो. परदेशी देणगीवरची 20 टक्क्यांची मर्यादा वेगळ्या कायद्यातली, तिचा इथे संबंध नाही. एखादी कंपनी स्वतःच्या धोरणाने मर्यादा घालू शकते, तेव्हा अर्जासोबतच्या सूचना वाचा.

मात्र तुमचे 10,000ही हवेतलेच. ऑफिसचे भाडे 6,000 आणि हिशेबनीसाचे 9,000 असा महिना 15,000 खर्च समजू. संस्थेत अडीच माणसांचे पूर्णवेळ काम असेल आणि त्यातले अर्ध्या माणसाचे या प्रकल्पात, तर या प्रकल्पाचा वाटा एक पंचमांश, म्हणजे महिना 3,000 आणि सहा महिन्यांचे 18,000. तुम्ही जवळजवळ निम्मेच मागत होता!

हे सगळे मिळून 1,34,880 होतात. पेट्यांचे कोटेशन आले की ते त्यात मिळवा आणि जी बेरीज येईल तेवढीच मागा. कागद सरांकडे देण्याआधी हिशेबनिसांना दाखवा, कारण सहा महिन्यांनी उपयोगिता प्रमाणपत्रासाठी याच ओळींखाली व्हाउचर लावायचे काम त्यांना करायचे आहे.