समुद्रकांठची हवा सम कां असते, आणि मार्च महिन्यांत ती कां बिघडते

मुंबई व परभणी हीं दोन शहरें नकाशावर पाहिलीं तर तीं जवळ जवळ एकाच आडव्या रेषेवर, म्हणजे १९ अक्षांशाच्या आसपास, आहेत असें दिसून येईल. सूर्य दोहोंवर सारखाच तळपतो. इतकेंच नव्हे, तर परभणी समुद्रसपाटीपासून सुमारें ४०० मीटर उंच असल्यामुळें ती थोडी अधिक थंड असावी अशी कोणाचीही समजूत व्हावी. प्रत्यक्षांत मे महिन्यांत परभणीस दुपारचें सरासरी उष्णमान सुमारें ४१ अंश सेंटिग्रेड असतें, आणि मुंबईस तें ३३-३४ अंशच भरतें. उलट हिंवाळ्यांत पहाटे परभणीस पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हां कुलाब्यास तो १९-२० अंशांवर असतो. तेव्हां समुद्रकांठची हवा 'थंड' नसून 'सम' आहे, हें वाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. या दोन शब्दांची गल्लत फार होते. मे महिन्यांत पुण्याचा मनुष्य मुंबईस मुक्कामाला आला कीं रात्रभर घामानें कासावीस होतो. कारण तेथील रात्र दिवसाहून फारशी निराळी नसते.

या समपणाचें मूळ पाण्याच्या स्वभावांत आहे. एक किलो पाणी एक अंश तापविण्यास जितकी उष्णता लागते, तितक्याच उष्णतेनें एक किलो कोरडी माती सुमारें पांच अंश तापते. शिवाय जमिनीवर पडलेलें ऊन वरच्या थरांतच अडकून राहतें. वैशाखांत भर दुपारीं वावरांत अनवाणी चालवत नाहीं, पण तेथेंच हातभर खणलें तर माती गार लागते, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. समुद्रांत मात्र ऊन कांहीं मीटर खोल शिरतें आणि लाटांमुळें वरचें पाणी खालच्यांत सतत घुसळलें जातें. त्यांतून बरीचशी उष्णता पाण्याची वाफ होण्यांत खर्च होते ती वेगळीच. परिणाम असा कीं, मुंबईसमोरील समुद्राचें पाणी हिंवाळ्यांत सुमारें २६ अंश व मे महिन्यांत सुमारें ३० अंश असतें. साऱ्या वर्षांत फरक काय तो इतकाच!

परंतु समुद्र सम राहिला तरी त्याचा लाभ शहरास घरबसल्या मिळत नाहीं. तो वाऱ्यानें वाहून आणावा लागतो. सकाळीं जमीन तापूं लागली म्हणजे तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील गार व जड हवा आंत शिरते. यासच खारा वारा म्हणतात. हिंवाळ्यांत व उन्हाळ्याच्या आरंभीं मुंबईस तो साधारणतः दहा-अकराच्या सुमारास सुरू होतो आणि दोन-तीन वाजतां त्यास पूर्ण जोर येतो. म्हणूनच किनाऱ्यावर पारा दुपारपर्यंत चढत न राहतां वारा आला कीं तेथेंच थबकतो. रात्रीं जमीन लवकर निवते, मग हाच खेळ उलटा होऊन जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. आमचे कोळी बांधव पहाटे या वाऱ्यावर शिडें उभारून बाहेर पडत व दुपारीं खाऱ्या वाऱ्यावर परत येत. पावसाळ्यांत मात्र नैऋत्येचा मोसमी वारा अहोरात्र वाहत असल्यामुळें ही आलटापालट दिसेनाशी होते.

खारा वारा जसजसा आंत जातो तसतसा तापतो व कोरडा होतो. खुद्द मुंबईंतच याचा पडताळा पाहावा. कुलाब्याच्या तिन्ही बाजूंस समुद्र आहे; सांताक्रूझ त्या मानानें आंत. तेवढ्यानेंच हिंवाळ्यांतील पहाट सांताक्रूझ येथें दोन-तीन अंशांनीं अधिक गार असते. पुढें सह्याद्रीच्या पायथ्याशीं कर्जतकडे तर हा वारा उशिरां पोहोंचतो, म्हणून तेथील दुपार मुंबईहून बरीच कडक जाते.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों ती सांगतों. सांताक्रूझच्या वेधशाळेंत १४ एप्रिल १९५२ रोजीं ४२.२ अंश, १७ मार्च २०११ रोजीं ४१.६ अंश आणि २५ मार्च २०१८ रोजीं ४१ अंश उष्णमान नोंदलें गेलें. समुद्र जागच्या जागीं असतां हें कसें घडलें? आणि असे दिवस मे महिन्याऐवजीं मार्च-एप्रिलमध्येंच कां यावेत?

उत्तर असें कीं, त्या दिवसांत दख्खनच्या पठारावरून पूर्वेचा वारा जोरानें वाहत असतो व तो खाऱ्या वाऱ्यास किनाऱ्याबाहेरच अडवून धरतो. हा पूर्वेचा वारा आधींच कोरडा. त्यांतून तो घाट उतरतो. उतरणारी हवा दाबली जाते आणि सायकलचा पंप मारतांना जसा तापतो तशी तापते. हें तापणें दर १०० मीटरमागें सुमारें एक अंश असतें. पुणें सुमारें ५६० मीटर उंचीवर आहे. तेथील ३६ अंशांची हवा न मिसळतां थेट समुद्रसपाटीस उतरली, तर हिशेबानें ती ४१ अंशांच्या वर जाईल. पुण्यास जी दुपार केवळ उन्हाळी वाटते तीच खालीं कोंकणांत भाजून काढते. खारा वारा अकराऐवजीं दोन-तीन वाजतां आला तर तोंपर्यंत पारा चढतच राहतो. आणि तो आला कीं थोड्याच वेळांत उष्णमान कित्येक अंशांनीं उतरून हवा पुन्हां दमट होते. मे महिन्यांत अंतर्भाग इतका तापलेला असतो कीं पश्चिमेचा वारा जवळ जवळ सदोदित आंत ओढला जातो, आणि पूर्वेच्या वाऱ्यास डोकें वर काढण्यास फारसा अवसर मिळत नाहीं.

कोंकणांतील आंबा बागायतदारांस हें जाणून घेणें अगत्याचें आहे, कारण मार्चमध्यें हापूसचीं फळें कोठें वाटाण्याएवढीं तर कोठें अंड्याएवढीं असतात. अशा एक-दोन दुपारींच लहान फळें गळतात व मोठ्यांची उन्हाकडील बाजू भाजून काळवंडते. दिवस कसा जाणार हें ओळखण्यास यंत्र लागत नाहीं. सकाळीं दंव नाहीं, वाळत घातलेलें धोतर पाहतां पाहतां कडकडीत सुकतें, आणि अकरा वाजून गेले तरी चुलीचा धूर समुद्राकडेच झुकतो, असें दिसलें म्हणजे खारा वारा अडला आहे असें समजावें. अशा वेळीं धांवपळ करून फारसें साधत नाहीं. फळें वाटाणा ते गोटीएवढीं असल्यापासून पंधरा-पंधरा दिवसांनीं तीन वेळां दर झाडास १५० ते २०० लिटर पाणी दिलेलें असावें, व बुंध्याभोंवतीं वाळल्या गवताचें आच्छादन असावें. आच्छादनानें ओल टिकते, व तापल्या जमिनीची धग फळांस कमी लागून साक्याचें प्रमाणही घटतें. काढणी चालू असल्यास ती सकाळीं दहापूर्वीं किंवा चारनंतर करावी, आणि उतरलेलीं फळें लागलींच सावलींत न्यावीं. धूर वळून डोंगराकडे झुकूं लागला कीं त्या दिवसाची भीति सरली. पण दुसऱ्या दिवशीं अकरा वाजतां पुन्हां धुराकडे पाहावें, कारण पूर्वेचा वारा बहुधा एकाच दिवसानें पाठ सोडीत नाहीं.