आखूड कर्ण, तापलेला कर्ण

प्रश्न: कैचीतला एक सदस्य आखूड निघाला किंवा तापला, तर भार नसतानाही बल येते का?

उत्तर: दोन्ही कर्ण असलेल्या चौकटीत येते, कारण एक सदस्य जादा असतो. बाजू ३ मीटर आणि सहाही पोलादी सदस्यांचा छेद १,००० चौरस मिमी धरू. एक कर्ण २ मिमी आखूड असल्यास तो ओढूनच बसवावा लागतो. मग दोन्ही कर्णांत सुमारे २७.६ किलोन्यूटन ताण आणि चारही बाजूंत १९.५ किलोन्यूटन दाब राहतो. परभणीच्या उन्हात एकच कर्ण इतरांपेक्षा ३० अंशांनी जास्त तापला, तर सगळे उलटते: कर्णांत २१ किलोन्यूटन दाब. सडपातळ कर्ण त्याने बाजूला वाकू शकतो, म्हणून हा प्रकार अधिक घातक. सगळेच सदस्य जाड केल्याने प्रतिबल घटत नाही; बलही त्याच प्रमाणात वाढते.