गिझर ‘डायरेक्ट’ करू नका

आमच्या पवईतल्या इमारतीत मे महिन्यातल्या एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. “भाऊजी, गरम पाण्याच्या नळातून वाफ येतेय आणि गिझर गुरगुरतोय.” कारखान्यात विजेच्या देखभालीचं काम मी अनेक वर्षं केलं आहे, त्यामुळे वाफ म्हटल्यावर अंगावर काटाच आला. फोनवरच सांगितलं, गिझरच्या बटणाला हात लावू नका, दारामागच्या पॅनलमधला एमसीबी पाडा, नळ आहे तसा सोडून बाथरूमबाहेर या आणि दार ओढून घ्या.

घाई एवढ्यासाठी की चालू स्थितीतल्या गिझरच्या टाकीत पाणी दाबाखाली असतं. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, तापतच राहतं. नळ उघडून दाब उतरला की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. पाण्याच्या मानाने वाफेला सोळाशे पट जागा लागते. म्हणून अशा वेळी ‘पाणी सोडून देऊ’ म्हणत नळ पूर्ण उघडणं म्हणजे अंग भाजून घेणं. वीज तोडायची आणि टाकी आपोआप निवू द्यायची, एवढंच करायचं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही गिझरला हात लावला नाही.

गिझर पंचवीस लिटरचा, दोन हजार वॅटचा, भिंतीवरचा उभा. पाणी ठरावीक तापमानाला आलं की वीज तोडायचं काम थर्मोस्टॅटचं. तो अडकला तर त्याच्याही वर एक कटआउट असतो. पाणी धोक्याच्या तापमानाला पोचलं की तो उडतो आणि हाताने बटण दाबल्याशिवाय परत चालू होत नाही. त्यानंतरची शेवटची राखण सेफ्टी व्हॉल्व्हची. थंड पाणी आत येतं तिथेच तो बसवलेला असतो आणि दाब वाढला की पाणी बाहेर सोडतो. नळातून वाफ आली म्हणजे या तिन्हींनी हात टेकले होते. ते का, हे शोधायचं होतं.

खालचं झाकण उघडलं आणि पहिलं कारण दिसलं. कटआउटच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या होत्या आणि वर काळी टेप गुंडाळली होती. वहिनींनी सांगितलं, हिवाळ्यात गिझर सारखा बंद पडायचा. बोलावलेला दुरुस्तीवाला म्हणाला, “कटआउट खराब आहे, डायरेक्ट करून देतो.” त्यानंतर गिझर एकदाही बंद पडला नाही, म्हणून घरचे खूष होते. दुसरं कारण थर्मोस्टॅटमध्ये होतं. त्याचे आतले संपर्क ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटले होते, त्यामुळे नॉब शून्यावर आणला तरी वीज चालूच. तिसरं सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये. त्याच्या तोंडाशी चुन्यासारखा पांढरा खडा जमला होता आणि लिव्हर जागची हलत नव्हती.

कटआउट मुळात का उडत होता, याचं उत्तर टाकीच्या आत होतं. मुंबई महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी. पवईला लागूनच असलेल्या भांडुप संकुलात ते शुद्ध होतं आणि त्यात क्षार कमीच असतात. निव्वळ त्या पाण्यावर गिझर वर्षानुवर्षं चालतो. पण उन्हाळ्यात कपात झाली की आमच्यासारख्या सोसायट्या टँकर मागवतात आणि टँकरचं पाणी विहिरींचं, बोअरवेलचं. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला तो भूजल उपशाच्या परवान्यांवरून, हे अनेकांना आठवत असेल. जमिनीतल्या या पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापला की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. ते पाण्यात न राहता सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीभोवती, थर धरून बसतं. थंड पाण्याच्या नळाला जो क्षार दिसतही नाही तो गिझरमध्ये बोटाएवढा जाड होतो तो यामुळे.

क्षारामुळे वीजबिल फुगतं असा समज आहे. कॉइल पाण्यातच असल्याने तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते, त्यामुळे बिलात फारसा फरक पडत नाही. खरं नुकसान कॉइलचं होतं. थराखाली कोंडलेल्या उष्णतेने तिची धातूची नळी प्रमाणाबाहेर तापते, फुगते आणि शेवटी तडकते. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन फुटते, तीच ती गुरगुर. थर्मोस्टॅटची नळीही त्याच थरात रुतलेली असल्याने तिला टाकीतल्या पाण्याऐवजी कॉइलजवळची धग लागते आणि कटआउट वेळेआधी उडतो. वहिनींचा कटआउट निर्दोष होता आणि क्षार साचल्याचं दर आठवड्याला सांगत होता.

आता कामाचा क्रम. एमसीबी पाडल्यावर टेस्टरच्या दिव्यावर भिस्त ठेवू नये. मल्टिमीटर लावून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही ठिकाणी शून्य बघावं. मग गिझरचा थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम नळ उघडावा. नळातून पाणी थांबलं म्हणजे टाकी रिकामी झाली, असा इथे हमखास गैरसमज होतो. गरम पाणी टाकीच्या वरच्या टोकातून निघतं, त्यामुळे कॉक बंद केल्यावर नळ कोरडा पडतो पण टाकी भरलेलीच असते. ती थंड पाण्याच्या बाजूची जोडणी सोडवून खालून रिकामी करावी लागते. त्या वेळी गरम नळ उघडा असला की हवा आत शिरते आणि पाणी सरळ बादलीत पडतं.

वायरींचा फोटो काढून त्या सुट्या केल्या, फ्लँजचे नट एकाआड एक ढिले केले आणि कॉइल खाली ओढली. पांढऱ्या, खरखरीत थरात तिचा आकारच हरवला होता. टाकीच्या तळाशी पडलेले खपले आम्ही हाताने आणि प्लॅस्टिकच्या चमच्याने काढले. तिथे स्क्रू-ड्रायव्हर किंवा तारेची घासणी घालू नये. आतून काचेचा मुलामा असलेली टाकी एकदा ओरखडली की तिथून गंज सुरू होतो आणि गळक्या टाकीला दुरुस्ती नाही. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉडही झिजून काडीएवढा झाला होता. टाकीऐवजी स्वतः गंजून टाकीला वाचवणं हेच त्याचं काम, तेव्हा तोही बदलला.

क्षार काढायला वाण्याकडे मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, पुरतं. प्लॅस्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्याला पन्नास ग्रॅम घ्यावं आणि कॉइलचा फक्त नळीचा भाग बुडेल, टर्मिनल कोरडी राहतील असं ठेवावं. फसफस सुरू होते. ती थांबली आणि थर उरलाच असेल तर नवं द्रावण करावं. अ‍ॅनोड रॉड मात्र यात घालू नये, मॅग्नेशियम आम्लात विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. संडास धुण्याचं अ‍ॅसिड तर आणूच नये. ते धातू खातं आणि ब्लीचिंगशी गाठ पडली तर बंद बाथरूममध्ये क्लोरीन वायू होतो.

थर निघाल्यावर कॉइल बघितली तर नळीवर दोन ठिकाणी फुगवटे होते. दोन हजार वॅटच्या कॉइलचा रोध साधारण साडेसव्वीस ओम यायला हवा आणि मल्टिमीटरवर तो जवळपास तेवढाच आला. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ‘कॉइल चांगली आहे’ म्हणून तीच परत बसवतात. आतली तार तुटलेली नाही, एवढंच या आकड्यावरून कळतं. वीज बाहेरच्या नळीत, म्हणजे पाण्यात उतरते का, हे बघायला टर्मिनल आणि नळी यांच्यात पाचशे व्होल्टचा मेगर लावावा लागतो. तिथे रोध एक मेगाओमच्याही खाली आला. कॉइल गळकी होती. पॅनलमध्ये फक्त एमसीबी होता आणि तो ओव्हरलोड किंवा शॉर्ट झाल्यावरच पडतो, माणसाचा जीव घेऊ शकेल एवढी गळती त्याला कळतही नाही. अर्थिंग शाबूत होतं म्हणूनच त्या घरात कुणाला शॉक लागला नव्हता.

म्हणून कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गॅस्केट असं सगळं नवं आणलं. जुने भाग सोबत घेऊन लोहार चाळीत गेलं की जुळणी चुकत नाही. वॅट तेवढेच, फ्लँजची भोकं तीच, थर्मोस्टॅटच्या नळीची लांबी तीच आणि त्याची क्षमता किमान सोळा अँपिअर, एवढं बघावं. गॅस्केट जुनं कधीच वापरू नये. नट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळावेत, म्हणजे फ्लँज तिरकी बसत नाही. थर्मोस्टॅटची नळी तिच्या खोबणीत शेवटपर्यंत जायला हवी. वायरीचं टोक काळं पडलं असेल तर ते कापून नवं लग लावावं आणि अर्थची वायर घट्ट बसल्याची खात्री करूनच झाकण लावावं.

वीज देण्याआधी पाणी भरायचं. गरम नळातून हवा न येता सलग धार पडू लागली की टाकी भरली. रिकाम्या टाकीत नवी कॉइल चालू केली तर थोड्या वेळातच जळते. धार आल्यावर पंधरा मिनिटं गॅस्केटभोवती ओल येते का ते बघितलं आणि मगच एमसीबी वर केला. पंचवीस लिटर पाणी सत्तावीस अंशांवरून साठावर न्यायला दोन हजार वॅटला साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्यात गिझरचा दिवा विझला, म्हणजे थर्मोस्टॅट काम करत होता. शेवटी परवानाधारक वायरमनकडून पॅनलमध्ये तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला.

वायरी आणि कॉइलच्या कामाला माहीतगार माणूसच हवा आणि गिझर वॉरंटीत असेल तर कंपनीचाच. पण काही गोष्टी घरच्यांनीच सांभाळायच्या असतात. टँकरचं पाणी येत असेल तर वर्षातून एकदा, उन्हाळा संपल्यावर, कॉइल काढून बघायला लावा. तापमान साठच्या वर ठेवू नका, त्यापुढे क्षार झपाट्याने बसतो. दर तीन महिन्यांनी, गिझर बंद आणि थंड असताना सेफ्टी व्हॉल्व्हची लिव्हर उचलून पाणी येतं का बघा आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. कटआउट वारंवार उडत असेल तर दुरुस्तीवाल्याला आधी टाकी उघडायला सांगा. काम झाल्यावर झाकण लावायच्या आत कटआउटच्या दोन्ही वायरी आपापल्या जागी आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्या एकत्र गुंडाळलेल्या दिसल्या तर गिझर चालू करू देऊ नका, मग दोन दिवस गॅसवर पाणी तापवावं लागलं तरी चालेल.